परदेशी कंपनीचा व्हिडिओ इंटरव्ह्यू: "एखादा प्रसंग सांगा" म्हटलं की काय सांगायचं

बाहेरच्या कंपनीचं इंटरव्ह्यूचं मेल आलं की आपल्याकडची पोरं पहिलं काय करतात, तर कॉलेजच्या नोट्स काढतात. हायड्रॉलिक्स, पीएलसी, जावा, जे काय असेल ते रात्रभर घोकतात. आणि मग कॉलवर समोरची बाई शांतपणे विचारते, "तुमचं एखाद्या सहकाऱ्याशी पटलं नाही असा एक प्रसंग सांगा, तेव्हा तुम्ही काय केलंत?" झालं, तिथे गाडी अडते. मग "मी टीम प्लेयर आहे, मी सगळ्यांशी जुळवून घेतो" वगैरे सुरू होतं, आणि ते उत्तर संपल्यावर समोरच्या कागदावर काहीच लिहिलेलं नसतं.

मी जर्मनीत गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे आणि अधूनमधून भरतीच्या पॅनेलवर मला बसवतात, त्यामुळे टेबलाच्या त्या बाजूला काय चालतं ते बघायला मिळतं. ते आधी सांगतो कारण ते कळलं की पुढच्या सगळ्या स्टेप आपोआप कळतात.

समोरचा माणूस काय करत असतो

अशा इंटरव्ह्यूत प्रश्न आधीच ठरलेले असतात आणि सगळ्या उमेदवारांना साधारण तेच विचारतात. प्रत्येक प्रश्न कुठला गुण तपासायला आहे हे पॅनेलच्या फॉर्मवर असतं, म्हणजे समजा अडचण मुळापासून सोडवणं, दुसऱ्या डिपार्टमेंटबरोबर काम करणं, चूक झाली तर कबूल करणं. खाली मोकळी जागा, त्यात तुम्ही जे बोलाल ते टिपायचं आणि शेवटी मार्क द्यायचे. ब्रिटनच्या सिव्हिल सर्व्हिसमध्ये तर हे उघडच आहे, तिथे प्रत्येक गुणाला १ ते ७ असे मार्क असतात आणि ४ म्हणजे चालण्यासारखं. खासगी कंपन्यांचे आकडे वेगळे असतील पण पद्धत हीच. अॅमेझॉनवाले त्यांची १६ लीडरशिप प्रिन्सिपल्स वेबसाइटवरच टाकून ठेवतात आणि प्रश्न त्यातूनच येतात.

आता यातली मेख अशी की मार्क टिपणावर पडतात, तुमच्या चेहऱ्यावरच्या आत्मविश्वासावर नाही (निदान कागदोपत्री तरी). कॉल संपल्यावर दोघंतिघं बसून आपापली टिपणं ताडून बघतात, कधी त्याच दिवशी, कधी दोन दिवसांनी. तुम्ही केलेलं पण न सांगितलेलं काम तिथे धरत नाहीत. आणि पॅनेलवरच्या माणसाने चांगलं वाटलं म्हणून जास्त मार्क दिले तर दुसरा विचारतो, कशावरून? मग टिपणात दाखवायला वाक्य लागतं. म्हणून तुमचं उत्तर असं पाहिजे की ऐकता ऐकता लिहून घेता येईल.

स्टार म्हणजे काय, थोडक्यात

प्रसंग सांगायची ही पद्धत, नाव चार इंग्रजी शब्दांच्या पहिल्या अक्षरांवरून: सिच्युएशन, टास्क, अॅक्शन, रिझल्ट. अमेरिकेतल्या डीडीआय नावाच्या कंपनीने १९७४ साली ही पद्धत आणली असं ती कंपनी सांगते आणि आज जगभर एचआरवाले तीच वापरतात. परिस्थिती काय होती, त्यात तुमच्यावर काय जबाबदारी होती, तुम्ही काय केलं, शेवटी काय झालं. एवढंच. यूट्यूबवर यावर तासतासभराचे व्हिडिओ आहेत, बघायची फार गरज नाही.

मात्र कुठे किती वेळ घालवायचा हे नीट समजून घ्या, कारण बहुतेकांचं तिथेच गणित चुकतं. एका उत्तराला साधारण दोन मिनिटं धरा. इंग्रजी आरामात बोललं तर मिनिटाला सव्वाशेच्या आसपास शब्द होतात, म्हणजे सगळं मिळून अडीचशे शब्द. त्यातली परिस्थिती आणि जबाबदारी मिळून पंचवीस-तीस सेकंदात संपवायची, सव्वा मिनिट तुम्ही काय केलं त्याला, आणि उरलेली पंधरा-वीस सेकंद निकालाला. आपल्याकडे नेमकं उलटं होतं, कंपनीची माहिती, मशीनची माहिती, कस्टमर कोण, साहेब कोण यातच दीड मिनिट जातं आणि मग "सो वी सॉल्व्हड द इश्यू" म्हणून संपतं.

स्टेप १: जाहिरातीतून गुण काढा

जॉबची जाहिरात प्रिंट करा किंवा वहीत उतरवा आणि त्यातली माणसाच्या स्वभावाबद्दलची वाक्यं अधोरेखित करा. "प्रॉडक्शन आणि क्वालिटीशी समन्वय", "स्वतंत्रपणे काम", "सतत सुधारणा" असं काहीतरी असतंच. अशी पाच-सहा निघतात. प्रश्न यातूनच येणार. "समन्वय" लिहिलंय म्हणजे दुसऱ्या डिपार्टमेंटशी वाद झाला तेव्हा काय केलं हे विचारणार, "स्वतंत्रपणे" म्हणजे साहेब नसताना घेतलेला निर्णय विचारणार.

यात अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ घालवू नका.

स्टेप २: गोष्टी शोधा, आठवू नका

"मला काही सांगण्यासारखं केलेलंच नाही" असं म्हणणारी माणसं मला खूप भेटतात आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी आठ-आठ वर्षं शॉप फ्लोअरवर काढलेली असतात. आठवायला बसलं की काही आठवत नाही हे खरं आहे, म्हणून शोधायचं. कामाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मागे मागे जा, रात्री-बेरात्री कोणाचे फोटो पडलेत, कुठल्या दिवशी शंभर मेसेज आलेत. ब्रेकडाऊनचं रजिस्टर, जुने अप्रेझलचे फॉर्म, पाठवलेली मेल. नर्सिंगवाल्यांनी आपल्या ड्युटीच्या जुन्या डायऱ्या बघा, आयटीवाल्यांनी बंद झालेली तिकिटं. प्रसंग सापडतात. फक्त कंपनीची कागदपत्रं किंवा पेशंटची नावं घरी आणू नका आणि इंटरव्ह्यूतही ग्राहकाचं नाव घेऊ नका, "एक मोठा कार उत्पादक" म्हटलं की पुरतं. उलट नाव घेतलंत तर पॅनेलला वाटतं, उद्या हा आमचंही बाहेर सांगेल.

सहा-सात प्रसंग बस्स झाले. पण वेगवेगळे हवेत: एक अडचण मुळापासून सोडवलेली, एक भांडणाचा, एक तुमच्या चुकीचा, एक वेळ कमी असतानाचा, एक नवीन काहीतरी शिकावं लागलं तो, एक कोणालातरी शिकवलं तो. चांगला प्रसंग दोन-तीन प्रश्नांना चालतो, फक्त त्याचं तोंड फिरवायचं. शक्यतो गेल्या दोन-तीन वर्षांतले घ्या, कारण जुन्या प्रसंगातले बारकावे विसरलेले असतात आणि उलटप्रश्न आला की फजिती होते.

स्टेप ३: लिहा, मग कापा, मग परत लिहा

इथे एक पूर्ण उदाहरण घेऊया. माझ्या ओळखीतला एक मुलगा, चाकणच्या एका कारखान्यात मेंटेनन्स इंजिनियर, शीट मेटलच्या हायड्रॉलिक प्रेस सांभाळायचा. जर्मनीतल्या नोकरीसाठी तयारी करत होता तेव्हा "वारंवार येणारी अडचण तुम्ही कशी सोडवली" याला त्याचं पहिलं उत्तर साधारण असं होतं:

"आमच्याकडे ४०० टनाची प्रेस होती, तिच्यात ऑइल टेम्परेचरचा खूप इश्यू यायचा, प्रॉडक्शनचा खूप लॉस व्हायचा. मॅनेजमेंटने आम्हाला सांगितलं की हे सॉल्व्ह करा. मग आम्ही टीमने मिळून रूट कॉज अॅनालिसिस केलं, कूलरमध्ये प्रॉब्लेम होता, तो आम्ही काढला आणि डाऊनटाइम बराच कमी झाला."

ऐकायला वाईट नाहीये. पण आता पॅनेलवर बसून टिपा बघू. "खूप" म्हणजे किती? "आम्ही" म्हणजे कोण, हा नुसता बाजूला उभा होता का? कूलरमध्ये प्रॉब्लेम आहे हे कळलं कसं? "बराच कमी" म्हणजे काय? टिपणात एकच ओळ येते, कूलर दुरुस्त केला. त्याला मार्क काय द्यायचे?

मग मी त्याला नुसते प्रश्न विचारत गेलो. किती वेळा बंद पडायची? रजिस्टर बघून आला, महिन्याला सात-आठ वेळा, दर वेळी चाळीस मिनिटं ते तास. आधीचे लोक काय करायचे? रीसेट मारायचे, टाकीवर पंखा लावायचे, ऑइल टॉपअप करायचे. मग तू वेगळं काय केलंस? तर म्हणाला, मी आठवडाभर दर अर्ध्या तासाला तापमान लिहून काढलं, कूलरच्या आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या ऑइलचं. आणि काय दिसलं? फरक जेमतेम दोन डिग्री येत होता, मॅन्युअलप्रमाणे आठच्या आसपास यायला हवा होता. पाणी तर व्यवस्थित वाहत होतं. म्हणजे पाणी येतंय पण उष्णता घेत नाहीये, म्हणजे आत थर बसलाय. बोअरवेलचं जड पाणी, त्याचा क्षार प्लेटांवर. बघा, हे एवढं सगळं पोटात होतं आणि बाहेर काय आलं, तर "रूट कॉज अॅनालिसिस केलं".

अजून एक निघालं. कूलर उघडायला चार तास मशीन बंद ठेवायला लागणार होती आणि प्रॉडक्शनचा सुपरवायझर द्यायला तयार नव्हता. याने त्याला रजिस्टरमधला महिन्याचा आकडा दाखवला, की असेही तुमचे सहा तास जातातच, आणि साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी काम करायची तयारी दाखवली. म्हणजे याच प्रसंगात भांडणाचंही उत्तर होतं.

नवीन उत्तर असं झालं (प्रत्यक्षात इंग्रजीत, इथे मराठीत लिहितो):

"मी प्रेस शॉपच्या मेंटेनन्सला होतो, पाच प्रेस माझ्याकडे होत्या. त्यातली एक ऑइल गरम झाल्यामुळे महिन्यातून सात-आठ वेळा बंद पडायची, दर वेळी पाऊण-एक तास. आधी लोक रीसेट करून चालवायचे. हे थांबवणं माझ्याकडे आलं. मी आधी मशीनला हात लावला नाही. एक आठवडा मी दर अर्ध्या तासाला कूलरच्या दोन्ही बाजूंचं ऑइलचं तापमान लिहिलं. फरक दोनच डिग्री होता, मॅन्युअलमध्ये आठ होता. पाण्याचा प्रवाह मी तपासला, तो बरोबर होता. म्हणून मला वाटलं की प्लेटांवर क्षार बसलाय. खात्री करायला चार तास मशीन बंद हवी होती, सुपरवायझर नाही म्हणाला. मी त्याला दाखवलं की महिन्याला सहा तास असेही जातात, आणि सुट्टीच्या दिवशी काम ठेवलं. दोन टेक्निशियन माझ्याबरोबर होते. उघडल्यावर थर दिसला, साफ केल्यावर फरक सात डिग्रीवर आला. त्यानंतरच्या तीन महिन्यांत मशीन या कारणाने एकदाच बंद पडली. मी वॉटर सॉफ्टनर मागितला होता, बजेटमुळे तो मिळाला नाही, म्हणून मी दर तीन महिन्यांनी साफसफाई शेड्युलमध्ये टाकली."

यात शेवटचं वाक्य मला सगळ्यात जास्त आवडतं. सॉफ्टनर मिळाला नाही हे सांगितल्याने गोष्ट खरी वाटते, आणि नाही मिळाला तर हा हातावर हात ठेवून बसला नाही तेही कळतं. सगळं शंभर टक्के यशस्वी झालं असं सांगणाऱ्या उमेदवाराबद्दल निदान आमच्या पॅनेलवर तरी लगेच भुवया उंचावतात.

"आम्ही" बद्दल एक सांगतो. आपल्याला मी मी करायला लाज वाटते, घरात तसंच शिकवलेलं असतं, त्यामुळे टीमला श्रेय देत बोलतो. पण पॅनेल एकाच माणसाला घेणार असतं, टीमला नाही. वर कसं केलंय बघा, "दोन टेक्निशियन माझ्याबरोबर होते" म्हणून त्यांचं त्यांना दिलंय आणि मोजलं कोणी, ठरवलं कोणी, सुपरवायझरशी बोललं कोणी हे "मी" मध्ये आहे. तेवढं पुरतं.

आकडे नसतील तर? सगळ्या कामात आकडे नसतात, खरंय. मग आधी-नंतरचा फरक सांगा जो कोणी बघू शकेल, म्हणजे "आधी नाइट शिफ्टवाले मला घरी फोन करायचे, चेकलिस्ट केल्यावर ते स्वतःच करायला लागले". पण आकडा बनवू नका. चाळीस टक्के सुधारणा म्हणालात आणि समोरच्याने विचारलं कशाच्या चाळीस टक्के, की संपलं.

आणि लाख-कोटी काढून टाका. पाच लाख म्हणजे पाचशे हजार किंवा सरळ सुमारे किती युरो ते सांगा. एमआयडीसी, आयटीआय, "प्रीपोन", "डू द नीडफुल" हे तिकडे कोणाला कळत नाही. समोरचा सभ्यपणे मान हलवतो आणि टिपणात काही लिहित नाही.

स्टेप ४: उलटप्रश्नांची तयारी

दोन मिनिटांचं उत्तर संपलं की खरा इंटरव्ह्यू सुरू होतो असं म्हटलं तरी चालेल. जर्मन लोक याबाबतीत फार चिवट असतात, रागाने नाही, त्यांना खरंच जाणून घ्यायचं असतं. आठवडाभरच का मोजलं? पाण्याचा प्रवाह कशाने मोजला? सुपरवायझर तरीही नाही म्हणाला असता तर? आज परत करायचं असेल तर काय वेगळं कराल?

म्हणून प्रत्येक प्रसंगाखाली तीन प्रश्नांची उत्तरं लिहून ठेवा: हेच का केलं, दुसरा पर्याय कुठला होता, आणि आता काय बदलाल. शेवटच्याला "काहीच नाही" असं उत्तर देऊ नका. वरच्या मुलाने म्हटलं, मी बाकीच्या चार प्रेसचे कूलरही त्याच वेळी तपासले असते, त्यातला एक दोन महिन्यांनी तसाच गेला. चांगलं उत्तर आहे ते.

जे आठवत नाही त्याला "आत्ता नक्की आठवत नाही, पण साधारण असं होतं" म्हणायला काही हरकत नाही. याने मार्क जात नाहीत. गुळमुळीत बोलण्याने जातात.

चूक आणि भांडण, हे दोन वेगळे का काढले

कारण इथे आपली माणसं हमखास खोटं बोलतात. वरिष्ठांशी मतभेद? "नाही सर, माझं कधीच कोणाशी वाजलं नाही." आपल्याकडे हे चांगल्या वळणाचं लक्षण समजतात, तिकडे याचा अर्थ दोनच निघतात, एकतर हा लपवतोय नाहीतर हा कधी तोंडच उघडत नाही. युरोपात, विशेषतः जर्मनी-नेदरलँड्सकडे, साहेबाला कारण देऊन नाही म्हणणं हा कामाचाच भाग धरतात. तेव्हा मतभेदाचा प्रसंग असा निवडा ज्यात मुद्दा कामाचा होता, माणसाचा नव्हता, तुम्ही काहीतरी पुरावा घेऊन गेलात, आणि शेवटी निर्णय तुमच्या विरुद्ध लागला तरी तुम्ही तो पाळलात. तुम्ही जिंकलातच पाहिजे असं अजिबात नाही. आणि जुन्या साहेबाला शिव्या घालू नका, तो कितीही तसा असला तरी.

चुकीच्या प्रश्नाला "मी फार परफेक्शनिस्ट आहे" हे उत्तर जगातल्या प्रत्येक एचआरने ऐकलेलं आहे. खरी चूक सांगा, पण मधल्या आकाराची. ज्यात कोणाला इजा झाली किंवा नियम जाणूनबुजून मोडला तसली नको, आणि "एकदा मेलला अॅटॅचमेंट लावायला विसरलो" इतकी पोरकटही नको. उदाहरणार्थ, स्पेअर पार्टचा स्टॉक न तपासता शटडाऊन ठरवला, सील मिळालं नाही, मशीन एक दिवस जास्त बंद राहिली. मग लगेच कोणाला सांगितलं, कसं निस्तरलं, आणि तेव्हापासून शटडाऊनच्या आधी काय करता. इथे मार्क मुख्यतः "लगेच कोणाला सांगितलं" याला असतात, आणि नेमकं तेच बोलायचं राहून जातं.

स्टेप ५: मोठ्याने बोला आणि फक्त आवाज ऐका

लिहिलेलं पाठ करू नका. पाठ केलेलं कळतं, डोळे वर जातात आणि वेग वाढतो. प्रत्येक प्रसंगाचे फक्त पाच-सहा शब्द चिठ्ठीवर लिहा, "७-८ वेळा, अर्धा तास, २ विरुद्ध ८, सुपरवायझर, एकदाच, सॉफ्टनर नाही" असे, आणि त्यावरून बोला. मोबाईलवर रेकॉर्ड करा. मग स्क्रीन उलटी ठेवून फक्त ऐका आणि ऐकता ऐकता पॅनेलसारखं स्वतःच कागदावर टिपा. जे टिपता आलं नाही ते एकतर फार पटकन बोललात नाहीतर मोघम बोललात. हा प्रयोग फुकट आहे आणि कुठल्याही कोचिंगवाल्यापेक्षा जास्त सांगतो.

आपला इंग्रजीचा वेग हा मोठा प्रॉब्लेम आहे. उच्चार बदलायला जाऊ नका, ती भानगड नको, फक्त हळू बोला आणि आकड्यांच्या आधी जरा थांबा. समोरच्याचीही इंग्रजी ही मातृभाषा नसते हे विसरू नका, तोही डोक्यात भाषांतर करत करत लिहित असतो.

स्टेप ६: व्हिडिओ कॉलच्या दिवशी

आधी वेळ. जर्मनी हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेचार तास मागे आणि उन्हाळ्यात साडेतीन. ब्रिटन साडेपाच आणि साडेचार. युरोपातली घड्याळं मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात, अमेरिकेतली मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, त्यामुळे मधल्या आठवड्यांत सगळा घोळ होतो. मेलमध्ये "सीईटी", म्हणजे मध्य युरोपची हिवाळ्यातली वेळ, लिहिलेलं असतं पण जुलै महिना असतो, म्हणजे लिहिणाऱ्याच्या मनात उन्हाळ्याचीच वेळ असते, पण काटेकोर धरलं तर एक तासाचा फरक. अशा वेळी उत्तरात सरळ लिहा, "म्हणजे भारतीय वेळेप्रमाणे दुपारी दीड, बरोबर ना?" यात कमीपणा काही नाही, उलट नीटनेटका माणूस वाटतो.

बाकी घरची व्यवस्था. खिडकी किंवा दिवा तोंडासमोर पाहिजे, पाठीमागे नको, नाहीतर तुम्ही काळी सावली दिसता. लॅपटॉप चार पुस्तकांवर ठेवून कॅमेरा डोळ्यांच्या उंचीला आणा. वायरचे इअरफोन लावा, ब्लूटूथ ऐनवेळी दगा देतं. वीज जायची शक्यता असेल तर राउटर इन्व्हर्टरवर आहे का बघा, नसेल तर मोबाईलचा हॉटस्पॉट आधी एकदा जोडून ठेवा. समोरच्यांचा फोन नंबर किंवा मेल कागदावर लिहून ठेवा, कॉल तुटला तर दोन मिनिटांत कळवता येतं. आणि घरी सांगून ठेवा की तासभर कुकर लावू नका, हे मी गंमत म्हणून सांगत नाहीये.

आवाज पोचायला थोडा उशीर होतो म्हणून समोरचा बोलून थांबला की मनात एक आकडा मोजा आणि मग बोला, नाहीतर दोघं एकदम बोलतात. आपली मान डोलवायची सवय स्क्रीनवर हो आहे की नाही ते कळत नाही, तोंडाने "येस" म्हणा. "सर", "मॅडम" लागत नाही, ते जसं नाव सांगतील तसं घ्या. विचार करायला दहा सेकंद हवी असतील तर सांगून घ्या.

सुरुवातीच्या "तुमच्याबद्दल सांगा" ला वडील काय करतात, मूळ गाव कुठलं, लग्न झालंय का हे सांगू नका. त्यांना ते नकोच असतं, जर्मनीत २००६ पासूनच्या समान वागणुकीच्या कायद्यामुळे एचआरवाले असल्या विषयांपासून लांब राहतात. आत्ता काय काम करता, त्याआधी काय केलं, ही नोकरी का, मिनिट-दीड मिनिटात संपवा.

स्क्रीनवर चिठ्ठी चिकटवायची असेल तर ती कॅमेऱ्याच्या अगदी शेजारी आणि फक्त ते पाच-सहा शब्द. पूर्ण उत्तर वाचत असाल तर डोळे डावीकडून उजवीकडे सरकताना स्पष्ट दिसतात.

समोर कोणी नसलेला इंटरव्ह्यू

हायरव्ह्यूसारख्या सिस्टिमवर लिंक येते, प्रश्न स्क्रीनवर दिसतो, तयारीला अर्धं-एक मिनिट मिळतं आणि मग रेकॉर्डिंग सुरू होतं, एक ते तीन मिनिटांत संपवायचं. किती वेळ आणि परत रेकॉर्ड करायची संधी आहे की नाही हे कंपनी ठरवते, ते मेलमध्ये आणि सुरुवातीच्या पानावर लिहिलेलं असतं, ते वाचल्याशिवाय स्टार्टचं बटण दाबू नका. सरावाचा प्रश्न असतो, तो घ्या.

इथे उलटप्रश्न येणार नाहीत, म्हणजे राहिलेलं भरून काढायची संधी नाही. म्हणून पद्धत थोडी बदला. पहिल्या वाक्यातच निकाल सांगा, "महिन्याला आठ वेळा बंद पडणारी प्रेस मी तीन महिन्यांत एकदा बंद पडण्यावर आणली, कशी ते सांगतो." मग वेळ संपली आणि रेकॉर्डिंग मध्येच तुटलं तरी मुख्य गोष्ट आत आलेली असते. तयारीच्या अर्ध्या मिनिटात वाक्यं जुळवत बसू नका, फक्त कुठला प्रसंग वापरायचा ते ठरवा आणि चिठ्ठीवरचे शब्द बघा. नजर स्वतःच्या चित्राकडे जातेच, त्यावर एक कागद चिकटवला तर बरं पडतं.

शेवटची तारीख त्यांच्या वेळेप्रमाणे असते, आणि शेवटच्या रात्री बसू नका, नेट गेलं तर सांगायला समोर कोणी नसतं.

कॉल संपल्यावर

लॅपटॉप बंद करायच्या आधी वहीत लिहा, कुठले प्रश्न आले, कुठला प्रसंग कशाला वापरला, कुठला आकडा सांगितला. पुढच्या राउंडला दुसरा माणूस असतो पण पहिल्याची टिपणं त्याच्यासमोर असू शकतात, तिथे महिन्याला आठचे बारा झाले तर अवघड आहे. तोच प्रसंग परत सांगायची वेळ आली तर "हा मी मागच्या वेळी सांगितला होता, दुसरा सांगू का?" असं विचारा. आभाराचं मेल दुसऱ्या दिवशी, चार ओळींचं, आणि निकाल कधी कळवणार ते त्यांनी सांगितलं असेल तर त्या तारखेनंतर एक आठवडा थांबून मगच विचारणा करा.